व्हॉट्सॲपचे संदेश आणि कॉल रेकॉर्डिंग न्यायालयात दाखल करताना लागणारे प्रमाणपत्र: एकाच बहिणीची दोन प्रकरणे, दोन कायदे?

रेवती_स

माझ्या धाकट्या बहिणीची पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दोन प्रकरणे चालू आहेत. पहिले म्हणजे तिच्या नवऱ्याने २०२३ मध्ये दाखल केलेला घटस्फोटाचा अर्ज, आणि दुसरे म्हणजे तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतः दाखल केलेला पोटगीचा अर्ज. नवऱ्याने उत्पन्नाचे जे शपथपत्र दिले आहे त्यात मासिक पगार ४२ हजार रुपये दाखवला आहे. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये त्याने तिला व्हॉट्सॲपवर स्वतःच लिहिले होते, की पगार आता ९५ हजार झाला आहे आणि तरीही घर भागत नाही. त्याच संभाषणात तिचे दागिने आपल्या आईच्या लॉकरमध्ये असल्याचेही त्याने लिहिले आहे.

अडचण अशी आहे, की ज्या फोनवर हे संदेश आले त्याची काच फुटली, म्हणून तिने नवीन फोन घेतला आणि बॅकअपमधून सगळे संभाषण त्यावर आणले. स्क्रीनशॉटही काढून ठेवलेले आहेत. याशिवाय दोन रेकॉर्डिंग आहेत. एक सासूबाईंशी झालेल्या फोनचे आहे. दुसरे तिने एकदा फोन दिवाणखान्यात ठेवून घेतले होते. त्यात नवरा आणि सासूबाई आपापसात बोलत आहेत आणि ती स्वतः त्या वेळी घरात नव्हती.

आमचे वकीलसाहेब म्हणाले, की ‘६५-बीचे सर्टिफिकेट’ जोडावे लागेल, तर त्यांच्या कार्यालयातील कनिष्ठ वकील म्हणाल्या, की आता कलम ६३ आले असून तज्ज्ञाचीही सही लागते. यातले कोणाचे खरे मानायचे?

तात्या_सोलापूर

रेवतीताई, इतकी काळजी करू नका. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ याचे कलम १४ वाचा. वादाचा निर्णय करण्यास मदत होईल असे कोणतेही कागदपत्र न्यायालय पाहू शकते, मग ते एरवी ग्राह्य असो वा नसो. संदेशांच्या छापील प्रती काढून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले. माझ्या पुतण्याच्या प्रकरणात असेच झाले होते.

दिवाणी_बाजू

तात्यांनी कलम १४ बरोबर सांगितले आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. कलम १४ न्यायालयाला मुभा देते, पक्षकाराला सूट देत नाही. त्या कलमामुळे प्रमाणपत्राची गरजच उरत नाही, असे काही न्यायनिर्णयांत म्हटलेले सापडेल, तर काहींत त्याच्या उलट सापडेल. शिवाय तोच संदेश दुसऱ्या न्यायालयातल्या, उदाहरणार्थ सासूबाईंवरच्या दागिन्यांच्या, दिवाणी दाव्यात वापरायचा झाला, तर तिथे कलम १४ सोबतीला येत नाही. आणि नोटरीच्या शिक्क्याचा या प्रमाणपत्राशी काहीही संबंध नाही. छापील कागद आपल्यासमोर सादर झाला, एवढेच नोटरी सांगतो. तो कागद कोणत्या उपकरणातून, कसा निघाला हे त्याला ठाऊक नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रेवतीताई, तुमचे वकीलसाहेब आणि त्यांच्या कनिष्ठ सहकारी हे दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघे वेगवेगळ्या प्रकरणांबद्दल बोलत आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७० मध्ये असे म्हटले आहे, की त्या दिवशी जी प्रकरणे प्रलंबित होती ती जुन्या, म्हणजे १८७२ च्या पुरावा अधिनियमानुसारच पुढे चालतील. त्यामुळे २०२३ च्या घटस्फोट अर्जाला जुने कलम ६५-ब लागू आहे, आणि तिथे उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्या व्यक्तीची, म्हणजे तुमच्या बहिणीची, एकटीची सही पुरते. फेब्रुवारी २०२५ मधील पोटगीचा अर्ज नव्या कायद्याखाली येतो. तिथे कलम ६३(४) प्रमाणे अनुसूचीतील ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या नमुन्याचा भाग ‘अ’ पक्षकार भरतो आणि भाग ‘ब’ तज्ज्ञ भरतो.

व्यवहारात माझा सल्ला असा, की पुरावा एकच असल्यामुळे प्रमाणपत्र नव्या नमुन्यात एकदाच नीट तयार करावे आणि त्याच माहितीच्या आधारे जुन्या प्रकरणासाठी ६५-बचे वेगळे प्रमाणपत्र करावे. नव्या नमुन्यात जुन्यापेक्षा अधिक तपशील असतो, त्यामुळे ते जुन्या प्रकरणात दाखल केल्याने कोणाचे बिघडत नाही. पण नुसते जुन्या पद्धतीचे प्रमाणपत्र पोटगीच्या अर्जाला जोडले, तर समोरच्या वकिलांना आयती हरकत मिळते.

महेश_मिरज

माझाही असाच प्रश्न आहे. मी एका मित्राला नोव्हेंबर २०२१ मध्ये १ लाख ८० हजार रुपये हातउसने दिले. त्यातले काही रोख होते, काही यूपीआयने. जून २०२४ मध्ये त्याने व्हॉट्सॲपवर लिहिले, की ‘तुझे एक ऐंशी माझ्याकडे आहेत, दिवाळीपर्यंत देतो.’ आता तो फोनच उचलत नाही. हे प्रमाणपत्र जोडले की माझा दावा जिंकल्यात जमा आहे ना?

विदुला

महेशराव, तुमचा प्रश्न रेवतीताईंसारखा दिसतो, परंतु तसा नाही. प्रमाणपत्रामुळे तुमचा संदेश न्यायालयासमोर येईल. तो आल्यावर मुदतीचा प्रश्न उभा राहील, आणि तुमचे सगळे प्रकरण तिथेच अडकलेले आहे. कर्जाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते. ती साध्या हिशेबाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संपते, आणि कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला हे धरले तरी फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. मित्राच्या जून २०२४ च्या संदेशाला मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे कर्जाची कबुली मानले, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. पण ते कलम लेखी आणि सही केलेली कबुली मागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४ मुळे इलेक्ट्रॉनिक मजकूर ‘लेखी’ मानता येतो. ‘सही’चे काय, हा वाद मात्र उरतोच, कारण त्याच अधिनियमाने मान्य केलेली इलेक्ट्रॉनिक सही म्हणजे व्हॉट्सॲपवर नाव दिसणे नव्हे. यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. तेव्हा हा एकच संदेश धरून बसू नका. नोव्हेंबर २०२४ पूर्वी त्याने काही हप्ता परत केला होता का, हे बँकेच्या उताऱ्यात तपासा. मुदत सुरू असताना झालेल्या अंशतः परतफेडीचा मुदतीच्या हिशेबात वेगळा उपयोग होतो.

महेश_मिरज

जानेवारी २०२३ मध्ये त्याने पाच हजार रुपये यूपीआयने पाठवले होते. पण सोबत ‘पार्टीचे’ असे लिहिले होते.

विदुला

मग ती रक्कम कर्जाची होती हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येईल. त्या दिवसाच्या आगेमागे झालेले संभाषणही पाहा. आणि हा प्रश्न कृपया वेगळ्या धाग्यावर मांडा, म्हणजे रेवतीताईंचा विषय भरकटणार नाही.

गोपाळ_ठाणे

मूळ मुद्द्यावर माझी एक हरकत आहे. समोरच्याला न सांगता केलेले रेकॉर्डिंग हा गोपनीयतेचा भंग आहे. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले आहे. शिवाय नवरा-बायकोमधले बोलणे कायद्यानेच संरक्षित आहे. त्यामुळे रेकॉर्डिंग तर सोडाच, ते संदेशही येऊ शकणार नाहीत.

दिवाणी_बाजू

गोपाळराव, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जवळपास हेच म्हटले होते. बठिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयाने पतीला पत्नीशी झालेल्या संभाषणांची रेकॉर्डिंग दाखल करण्याची परवानगी दिली होती, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. परंतु विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा तो आदेश बाजूला सारला. जुन्या कायद्याच्या कलम १२२ मध्ये, जे आता कलम १२८ झाले आहे, पती-पत्नींमधील संवादाला संरक्षण आहे हे खरे; पण त्याच कलमात पती-पत्नी एकमेकांविरुद्ध वादात उभे असतील तर अपवादही आहे. तो अपवाद तुम्ही वाचलेला दिसत नाही. घटस्फोटाच्या प्रकरणात दोघे एकमेकांसमोरच उभे असतात.

आता यातली मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो निर्णय पती-पत्नींनी एकमेकांशी केलेल्या संभाषणाबद्दल आहे. रेवतीताईंच्या बहिणीने सासूबाईंशी फोनवर बोलताना केलेले रेकॉर्डिंग हे त्या निर्णयात बसत नसले, तरी ती स्वतः त्या संभाषणातली एक व्यक्ती आहे, त्यामुळे मला त्यात फारशी अडचण दिसत नाही. दिवाणखान्यात फोन ठेवून केलेले रेकॉर्डिंग मात्र अगदी वेगळे आहे. तिथे ती संभाषणात नव्हती, घरातही नव्हती. ते मी दाखल करणार नाही. ९५ हजारांचा संदेश हाताशी असताना असे रेकॉर्डिंग पुढे केले, की उलटतपासणीचा रोख नवऱ्याच्या पगारावरून तिच्या वागण्याकडे वळतो.

विदुला

येथे मी दिवाणी_बाजू यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पुरावा कोणत्या मार्गाने मिळाला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे आपली न्यायालये प्रथम पाहत आली आहेत. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निर्णयापासून ध्वनिमुद्रणाच्या मुख्य कसोट्या तीन राहिल्या आहेत. बोलणे विषयाशी संबंधित असावे, आवाज कोणाचा हे ओळखता यावे आणि मुद्रणात फेरफार झालेला नाही याची खात्री पटावी. दिवाणखान्यातले रेकॉर्डिंग या तिन्ही कसोट्यांत बसू शकते. अर्थात, बसू शकते म्हणून दाखल करावेच असे नाही, एवढे मला मान्य आहे. दागिन्यांबद्दल त्यात काही ठोस बोलणे आहे का?

रेवती_स

सासूबाई म्हणतात, ‘तिचं काही द्यायचं नाही.’ दागिन्यांचा उल्लेख नाही. मग ते राहू देऊ.

आता प्रश्न संदेशांचा. नवीन फोनवरून दाखल केले तर ‘मूळ उपकरण’ कोणते म्हणायचे? आणि तो तज्ज्ञ कुठे शोधायचा?

संगणक_सदाशिव

कायद्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण तांत्रिक बाजू सांगतो, कारण या प्रमाणपत्रांत चुका तिथेच होतात. मी आयटी क्षेत्रात आहे आणि नात्यातल्या दोघांची प्रमाणपत्रे भरताना मदत केली आहे.

भाग ‘अ’मध्ये उपकरणाचा प्रकार, कंपनी व मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय विचारला आहे. फोनवर `*#06#` टाइप केले की आयएमईआय दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन आकडे येतात, ते दोन्ही लिहावेत. त्यानंतर ते उपकरण तुमच्या मालकीचे आहे, की तुम्ही ते फक्त वापरता वा सांभाळता, यातून निवड करायची आहे. नमुन्यात उपकरण नीट चालू होते, आणि मध्ये कधी बंद पडले असल्यास नोंदीवर त्याचा परिणाम झालेला नाही, असे विधान असते. ज्या फोनची काच फुटली त्याच्याबद्दल हे विधान डोळे मिटून करू नये. संदेश जुन्या फोनवर आले, अमुक दिवशी काच फुटली, अमुक दिवशी बॅकअपमधून ते नव्या फोनवर घेतले आणि दाखल केलेली प्रत नव्या फोनवरून काढली, असे सरळ लिहावे. जुना फोन विकू नये आणि बदलून देऊ नये. काच बसवून तो चालू झाला तर फारच चांगले, पण फॉरमॅट मारू देऊ नये.

त्यानंतर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा. संभाषण उघडून ‘एक्सपोर्ट चॅट’ केले, की मजकुराची फाइल तयार होते. फोटोंसह घेतली तर बहुधा झिप फाइल मिळते. तिच्यातल्या ओळी साधारण अशा दिसतात:

```
12/03/24, 21:41 - अहो: पगार ९५ झाला तरी भागत नाही
```

यात ‘अहो’ हे नाव तिच्या फोनमध्ये जतन केलेले आहे. फाइलमध्ये नंबर कुठेच नाही. समोरचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील, की हे ‘अहो’ कोण? म्हणून त्या संपर्काची माहिती उघडून नाव आणि नंबर एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉटही घ्यावा.

ही फाइल संगणकावर केबलने घ्यावी आणि विंडोजवर हा आदेश द्यावा:

```
certutil -hashfile "D:\purava\chat.zip" SHA256
```

जो लांबलचक आकडा येईल तो जसाच्या तसा प्रमाणपत्रात जातो, आणि हॅशचा अहवाल सोबत जोडायचा असतो. येथे एक गैरसमज मी वारंवार पाहिला आहे. लोकांना वाटते, की न्यायालयाने सांगितल्यास पुन्हा एक्सपोर्ट करून तोच आकडा दाखवता येईल. तसे होत नाही. प्रत्येक एक्सपोर्टची फाइल नव्याने तयार होते, मध्ये एखादा नवा संदेश आला असेल तर तोही तिच्यात येतो, आणि आकडा बदलतो. म्हणून एकदाच एक्सपोर्ट करा, तीच फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, तिचीच प्रत न्यायालयात आणि समोरच्या पक्षाला द्या. प्रत कितीही वेळा केली तरी आकडा तोच राहतो, पण फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण आकडा बदलतो.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत फोनमध्ये जी फाइल तयार झाली तीच घ्यावी. सुरुवातीचा ‘हॅलो हॅलो’ कापून टाकू नये, आवाज वाढवून पुन्हा जतन करू नये. वकिलांना ऐकवायचे असेल तर वेगळी प्रत द्यावी.

तात्या_सोलापूर

सदाशिवराव, हॅश काढला म्हणजे संदेश खरा हे सिद्ध झालेच ना? मग तज्ज्ञ कशाला?

संगणक_सदाशिव

नाही तात्या. हॅश काढल्यानंतर फाइल बदललेली नाही, एवढेच त्यातून कळते. हॅश काढण्यापूर्वी कोणी त्या मजकुराच्या फाइलमध्ये ४२ चे ९५ केले असतील, तर हॅश त्या खोट्या फाइलचाच निघेल. एक्सपोर्ट केलेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये बदलता येते. म्हणून तर फोन जपून ठेवायचा.

दिवाणी_बाजू

सदाशिवरावांचा हा शेवटचा मुद्दा वकिलांनाही नीट कळलेला नसतो, म्हणून त्याला कायद्याची जोड देतो. प्रमाणपत्र हे दार उघडण्यापुरते असते. संदेश कोणी लिहिला आणि त्यात लिहिलेले खरे आहे का, हे आत गेल्यावर सिद्ध करायचे असते.

प्रमाणपत्राचे महत्त्व ज्या निर्णयामुळे पक्के झाले तो आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही यावर वाद होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी पुराव्यात होत्या. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. त्याच निर्णयातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. एक अशी, की मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात ते आपले असल्याचे सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज नसते. दुसरी अशी, की प्रमाणपत्र ज्याने द्यायचे तो देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, आणि खटला संपलेला नसेल तर ते नंतरही दाखल करता येते.

मग थेट फोनच का नेऊ नये, असे तुम्ही विचाराल. जुना फोन चालू झाला तर जरूर न्यावा. परंतु फोन हजर केला, की समोरचा पक्ष तो कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज करू शकतो. असा अर्ज मंजूर झाल्यास फोन बराच काळ परत मिळत नाही, आणि त्यात बहिणीचे मैत्रिणींशी, आईशी झालेले सगळे बोलणेही असते. त्यामुळे प्रमाणपत्रासह प्रत दाखल करावी आणि फोन मागितल्यास दाखवण्याची तयारी ठेवावी, हा मार्ग मला बरा वाटतो.

संदेश नवऱ्यानेच लिहिला हे दाखवण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. त्याने २०२३ मध्ये दाखल केलेल्या घटस्फोटाच्या अर्जावर पत्त्याखाली त्याचा मोबाइल क्रमांक बहुधा असेलच. तोच क्रमांक संपर्काच्या स्क्रीनशॉटमध्ये असला, की अर्धे काम झाले. उलटतपासणीत आधी त्याला क्रमांक विचारावा, मग त्या क्रमांकावर दुसरे कोणी बोलते का ते विचारावे, आणि सर्वांत शेवटी संदेश समोर ठेवावा. संदेश आधी दाखवला तर तो म्हणेल, की फोन त्या काळात भावाकडे होता. त्याहूनही आधी, दस्तऐवज मान्य आहे की नाही हे लेखी कळवण्याची नोटीस त्याला द्यावी. त्याने संदेश मान्य केला, तर तो सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नाही. नाकारला, तर त्याचे नाकारणे नोंदीवर राहते, आणि पुढे पगाराची नोंद मालकाकडून मागवली असता ती संदेशाशी जुळली, की त्याच्या विश्वासार्हतेचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

विदुला

यात एक भर घालते. त्या एकाच दिवसाचे तीन संदेश उचलून दाखल करू नका. निदान त्या आठवड्याचे सलग संभाषण द्या. त्यात तुमच्या बहिणीनेही काही कडू लिहिले असेल, तर ते समोरून येण्यापेक्षा आपल्याकडून आलेले बरे.

सासूबाईंच्या रेकॉर्डिंगसोबत त्याचा उतारा द्यावा लागेल. बोलणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, कोण बोलले आणि कितव्या मिनिटाला बोलले हे लिहून. ‘हं’, ‘अगं’ हेही गाळू नका. जिथे ऐकू येत नाही तिथे ‘अस्पष्ट’ असे लिहा. अंदाजाने शब्द भरलेला एक उतारा मी न्यायालयात कोसळताना पाहिला आहे. न्यायाधीशांनी रेकॉर्डिंग कानाला लावले आणि त्या ठिकाणी फक्त मिक्सरचा आवाज होता.

रेवती_स

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. तज्ज्ञाचा प्रश्न मात्र राहिला. आमच्या वकीलसाहेबांनी ओळखीच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याचे नाव सुचवले आहे. तो भाग ‘ब’वर सही करू शकतो का?

दिवाणी_बाजू

हा प्रश्न खरोखरच अनिर्णित आहे. कलम ६३(४) मध्ये ‘तज्ज्ञ’ एवढेच म्हटले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, असा एक अर्थ लावला जातो. तसे मानले तर पोटगीच्या प्रत्येक अर्जासाठी सरकारी प्रयोगशाळेचे दार ठोठवावे लागेल, आणि ते शक्य नाही. दुसरा अर्थ असा, की या विषयाचे शिक्षण व अनुभव असलेली कोणतीही व्यक्ती चालते. जिल्हा न्यायालयांत सध्या खासगी सायबर फॉरेन्सिक क्षेत्रातील लोकांची प्रमाणपत्रे येत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ती घेतलीही जात आहेत.

विदुला

दुरुस्तीवाल्याची सही मी तरी घेणार नाही. कायद्याने मज्जाव आहे म्हणून नव्हे, तर त्याला उद्या साक्षीला बोलावले, की ‘SHA256 म्हणजे काय’ या पहिल्याच प्रश्नावर तो गप्प बसेल. सही करणाऱ्याने फाइल स्वतः पाहिलेली असावी, हॅश स्वतः काढलेला असावा आणि त्याचा भाग ‘अ’मधील आकड्याशी मेळ बसावा. मी पाहिलेल्या एका प्रमाणपत्रात पक्षकाराने एका फाइलचा हॅश दिला होता आणि तज्ज्ञाने दुसऱ्याच दिवशी केलेल्या नव्या एक्सपोर्टचा. दोन्ही आकडे वेगळे. त्यावरची हरकत अजून निकाली निघालेली नाही.

संगणक_सदाशिव

म्हणून भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ यांची तारीख, वेळ आणि ठिकाण भरताना दोघांनी एकत्र बसावे. वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार २४ तासांच्या पद्धतीने लिहायची असते. ‘रात्री ९.४१’ नव्हे, ‘२१:४१’.

गोपाळ_ठाणे

विभोर गर्गचा निर्णय आता वाचला. माझा मुद्दा तेवढ्यापुरता मागे घेतो. पण उद्या नवरे बायकांच्या फोनमध्ये लपून ॲप टाकतील आणि हाच निर्णय दाखवतील, त्याचे काय?

दिवाणी_बाजू

आपले बोलणे आपल्या फोनवर जतन करणे आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणे यात फरक आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात ॲप टाकणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ आणि ६६ चा विषय होतो आणि त्यासाठी शिक्षाही आहे. तरीही अशा मार्गाने मिळालेले संदेश कौटुंबिक न्यायालयात वाचले जाणारच नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही. विदुलाताईंनी वर जी परंपरा सांगितली, तिचा हा दुसरा चेहरा आहे.

रेवती_स

आज जुन्या फोनला काच बसवून आणली. तो चालू झाला आणि मार्च २०२४ चे संदेश त्यात आहेत. इंटरनेटला न जोडता बंद करून ठेवला आहे. पुढची तारीख पोटगीच्या अर्जात आहे, तिथे नवीन नमुन्यात प्रमाणपत्र देणार आहोत. आता ते जुन्या फोनवरून काढायचे की नव्या, हे वकीलसाहेबांना विचारते.

संगणक_सदाशिव

जुन्यावरून काढा. मग बॅकअपची सगळी कहाणी प्रमाणपत्रात लिहावीच लागणार नाही, फक्त काच बदलल्याचा उल्लेख करा आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा. फोन चालू करताना सिम घालू नका, आणि कोणी व्हॉट्सॲप अद्ययावत करायला सांगितले तरी करू नका.

महेश_मिरज

वेगळा धागा काढला आहे. विदुलाताई, तिथे ‘पार्टीचे’ पाच हजार रुपये आणि त्याच्या आदल्या दिवशीचे संभाषण टाकले आहे, कृपया पाहा.